एका नंबरात एकच प्रश्न: प्री-बिड क्वेरी लिहिताना मी कुठं अडकले

मी सातपूरला एका कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात टेंडरचं काम बघते, सहावं वर्ष चालू आहे. ईएमडी, डिजिटल सिग्नेचर, दोन लिफाफे, mahatenders.gov.in वर अपलोड, हे सगळं तुम्हाला येतं असं धरूनच लिहिते, ते कुणीही दोन दिवसात शिकवतं. मला जे कुणी शिकवलं नाही ते वेगळंच होतं, आपला माणूस साइट बघून आल्यावर फोनवर जे धडाधड बोलतो त्याची खात्याला पाठवायची क्वेरी कशी करायची ते. त्यात माझी एक चूक झाली आणि आमच्या कॉन्ट्रॅक्टरचे, म्हणजे अण्णांचे, दोन लाख वीस हजार गेले. पैसे माझे नव्हते म्हणून जास्तच लागलं.

काम होतं जमिनीखालची पाण्याची टाकी आणि पंपघर, अंदाजपत्रकी रक्कम साठ लाखांच्या आसपास, बी-वन फॉर्म, म्हणजे दर खात्याचे आणि आपण फक्त किती टक्के वर किंवा खाली ते भरायचं. जागा गावठाणात. अण्णा साइट बघून परत येताना गाडीतून बोलले ते मी वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं होतं, ती वही अजून आहे: "ताई, चारी बाजूनं घरं आहेत, खोदलेला माल टाकायचा कुठं? आणि गाडीभाडं कोण देणार ते साहेबांना विचारून घ्या. शेजारी विहीर आहे, खाली पाणी लागणार, त्याचं काय? आणि ते काँक्रीट ड्रॉइंगमधी वेगळं, शेड्यूलमधी वेगळं दिसतंय, कोणतं धरू?"

नवीन माणूस काय करतो, तर यातल्या प्रत्येक वाक्याची एक क्वेरी करतो आणि पाठवून देतो. थांबा. आधी टेंडर उघडा.

पाण्याचाच प्रश्न घ्या. खोदकामाच्या आयटमचं वर्णन शेड्यूल बी मध्ये लांबलचक असतं आणि आपण पहिली ओळ वाचून दर बघायला जातो. पूर्ण वाचलं तर त्यात खोदलेला माल ५० मीटरपर्यंत नेऊन टाकणं, पाणी उपसणं, तळ तयार करणं, लागेल तिथं परत भरणं, धुमस करणं, टेकू देणं सगळं आलेलं असतं, आणि शेवटी लिफ्ट दीड मीटरपर्यंत असं असतं, त्याखालच्या खोलीला पुढच्या ओळी. म्हणजे पाणी उपसणं त्या दरातच होतं. अण्णांची शंका खरी होती, पाणी लागणारच होतं, पण ती खात्याला विचारायची नव्हती, आपल्या हिशोबात धरायची होती. अशी क्वेरी पाठवली की उत्तर येतं "निविदेतील आयटम वाचावा", आणि उत्तर लिहिणाऱ्या माणसाला कळतं की यांनी शेड्यूल न वाचता यादी पाठवली आहे, मग तुमच्या बाकीच्या प्रश्नांकडेही तो तसंच बघतो. तो कार्यकारी अभियंत्याच्या हाताखालचा कुणीतरी असतो, त्याच्यासमोर आठ-दहा कंपन्यांच्या क्वेऱ्या पडलेल्या असतात आणि त्याला संध्याकाळपर्यंत तक्ता वरिष्ठांकडे द्यायचा असतो. हा माणूस डोळ्यासमोर ठेवून लिहा. मी हे फार उशिरा शिकले.

काँक्रीटचा प्रश्न सरळ निघाला. शेड्यूलमध्ये तळाच्या काँक्रीटचा आयटम एम-२० चा, ड्रॉइंगच्या तिसऱ्या शीटवरच्या चौथ्या टिपेत त्याच भागाला एम-२५. मी लिहिलं: "शेड्यूल बी, आयटम ९ मध्ये तळाच्या काँक्रीटचा ग्रेड एम-२० दिला आहे. ड्रॉइंग शीट ३, टीप ४ मध्ये त्याच भागासाठी एम-२५ दिला आहे. आयटम ९ खाली कोणत्या ग्रेडचं काँक्रीट करायचं आहे?" उत्तर आलं, एम-२५, आणि शुद्धिपत्रकात तो आयटम दरासकट बदलून आला. टक्केवारीच्या टेंडरमध्ये हे फार महत्त्वाचं, कारण दर खात्याने लिहिलेला असतो, एम-२० चा दर तसाच राहिला असता तर काम एम-२५ चं आणि पैसे एम-२० चे अशी भांडणं बिलाच्या वेळी झाली असती. मला तेव्हा वाटलं की आता जमलं आपल्याला.

त्याच यादीत सात नंबरला मी मालाची क्वेरी लिहिली होती. ती अशी होती:

"७. खोदकामातील शिल्लक माल ५० मीटरपेक्षा जास्त अंतरावर नेऊन टाकायचा आहे का व त्याचे वेगळे पेमेंट मिळेल का, कृपया खुलासा करावा."

उत्तर आलं: "होय. निविदेतील तरतुदीनुसार."

मी अण्णांना फोन केला, म्हटलं होय आलंय. अण्णांनी पेमेंट मिळणार असं धरून टक्केवारी भरली. काम आपल्याला लागलं.

आता हे नीट बघा, कारण यातच सगळं आहे. माझ्या वाक्यात दोन प्रश्न होते. माल लांब न्यायचा का, हा एक. पैसे मिळतील का, हा दुसरा. उत्तर एक आलं, होय. मी ते दुसऱ्याचं उत्तर समजले कारण मला दुसऱ्याचीच काळजी होती. लिहिणाऱ्याने ते पहिल्याचं दिलं होतं. आणि "निविदेतील तरतुदीनुसार" म्हणजे काय? निविदेत त्र्याहत्तराव्या पानावर विशेष अटींमध्ये १७ नंबरची अट होती की शिल्लक माल कंत्राटदाराने स्वखर्चाने गावठाणाबाहेर न्यावा. ती मी वाचली नव्हती असं नाही, वाचली होती, पण मला वाटलं की आयटममध्ये ५० मीटर लिहिलंय म्हणजे त्यापुढचं वेगळं मिळेल, आणि त्या अटीचा उल्लेख क्वेरीत केला तर साहेब नाही म्हणतील, त्यापेक्षा नको काढायला. हे मी मनाशी ठरवलं होतं. जी ओळ आपल्याला अडचणीची वाटते तीच क्वेरीतून गाळायची, ही खरी चूक, दोन प्रश्न एकत्र लिहिणं ही तिच्यामागून आलेली.

पैसे किती होते तेही सांगते, म्हणजे वाटणार नाही की किरकोळ गोष्ट मोठी करतेय. सगळ्या लिफ्टचं मिळून खोदकाम १,२०० घनमीटर. टाकी झाल्यावर कडेने परत भरायला ४०० लागले. राहिले ८००. पण ही जमिनीतली मोजणी आहे, माती-मुरूम सुटा झाला की फुगतो, आमच्या तिथल्या मुरमाला आम्ही पाव हिस्सा वाढ धरली, म्हणजे गाडीत भरायचा माल १,००० घनमीटर. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, तर झाले ३५३ ब्रास. चार ब्रासच्या डंपरच्या ८८ फेऱ्या, आणि माल टाकायला जागा मिळाली ती लांब, म्हणून फेरीला अडीच हजार पडले. दोन लाख वीस हजार. साठ लाखांच्या कामात हे साडेतीन टक्क्यांच्याही वर जातं. आणि आपल्याकडे टेंडर अर्ध्या टक्क्यावर जातं-येतं हे तुम्हाला माहीतच आहे.

बिलात आम्ही वाहतूक लावली, शाखा अभियंत्याने ती ओळ खोडली. भांडण नव्हतं, त्यांनी शांतपणे माझीच क्वेरी आणि त्याचं उत्तर समोर ठेवलं आणि विचारलं, "ताई, यात पैसे देऊ असं कुठं लिहिलंय?" मी ते वाक्य त्यांच्या टेबलासमोर उभी राहून तीनदा वाचलं. कुठंच नव्हतं. बी-वन फॉर्मच्या कलम ३० खाली वाद वर अधीक्षक अभियंत्यांकडे नेता येतो, आम्ही नेला, पण कागद तोच, त्याचा अर्थ तिथं जाऊनही तोच निघाला. मला आजही वाटत नाही की त्या ऑफिसने आम्हाला फसवलं. मी विचारलं तसं त्यांनी उत्तर दिलं.

अण्णा मला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी चहा मागवला आणि म्हणाले, "पुढच्या वेळी पाठवायच्या आधी मला वाचून दाखवा." त्यांना वाचून दाखवायला लागले तेव्हापासून माझ्या क्वेऱ्या सुधारल्या. ज्याची शंका आहे त्याला वाचून दाखवायची आणि विचारायचं, खात्याने फक्त "होय" म्हटलं तर तुम्हाला काय कळलं? फक्त "नाही" म्हटलं तर काय कळलं? दोन्हीतून कळलं तर क्वेरी तयार. अण्णा "कशाला होय?" असं म्हणाले की परत तोडायची.

सात नंबरची क्वेरी मी आज लिहिली असती तर अशी:

७. शेड्यूल बी, आयटम २ च्या वर्णनात खोदलेला माल ५० मीटरपर्यंत नेणे समाविष्ट आहे. शिल्लक माल ५० मीटरपलीकडे नेण्याचा खर्च आयटम २ च्या दरात समाविष्ट आहे का?

८. विशेष अटी, पान ७३, अट १७ नुसार शिल्लक माल स्वखर्चाने गावठाणाबाहेर न्यायचा आहे. ही अट आयटम २ खाली खोदलेल्या मालाला लागू आहे का?

९. ५० मीटरपलीकडील वाहतूक आयटम २ च्या दरात समाविष्ट नसल्यास तिचे मोजमाप व पेमेंट शेड्यूल बी च्या कोणत्या आयटमखाली होईल?

१०. शिल्लक माल टाकण्यासाठी विभागाने जागा निश्चित केली असल्यास त्या जागेचे साइटपासूनचे अंतर किती किलोमीटर आहे?

वहीतल्या अण्णांच्या एका वाक्याचे चार नंबर झाले. बघा, यात "कृपया खुलासा करावा" कुठंच नाही. खुलासा करावा म्हटलं की खुलासा येतो, उत्तर येत नाही. यात "आमच्या मते अन्यायकारक आहे" नाही, "इतर विभागात असे पेमेंट मिळते" नाही. वाद घालायचा असेल तर प्री-बिड मीटिंगमध्ये तोंडी घाला, कागदावर नको, कागदावर वाद घातला की लिहिणारा माणूस बचावात जातो आणि निविदेतील तरतुदीनुसार असं लिहून मोकळा होतो. आणि आपला दर, आपली पद्धत, माल कुठं टाकायचा विचार आहे, यातलं काहीही क्वेरीत येऊ देऊ नका, उत्तरं सगळ्या स्पर्धकांना दिसतात.

नवव्यात मी "उत्तर क्रमांक ७ नाही असल्यास" असं न लिहिता पूर्ण वाक्य परत लिहिलंय, ते मुद्दाम. ऑफिस सगळ्यांच्या क्वेऱ्या एका तक्त्यात घेतं आणि नवीन नंबर देतं. तुमचा सात तिथं एकतीस होतो, आणि नऊ कधी कधी दुसऱ्याच पानावर जातो. "वरील प्रश्नाप्रमाणे" असं लिहिलेलं वाक्य तिथं लंगडं पडतं. म्हणून आयटम नंबर, अट नंबर, पान नंबर हे वेगळ्या रकान्यात तर द्याच पण प्रश्नाच्या वाक्यातही द्या, म्हणजे कुणी फक्त प्रश्न उचलून दुसरीकडे चिकटवला तरी तो उभा राहतो. पानाचं अजून एक आहे, स्कॅन केलेल्या फाइलमध्ये छापील पान ७३ असतं आणि स्क्रीनवर ८१ दिसतं, मी छापील लिहिते आणि पुढे फाइलचं पानही लिहिते. निविदेतलं वाक्य उचलताना जसंच्या तसं उचला, टेंडर इंग्रजीत असेल तर क्वेरीही इंग्रजीतच लिहा, भाषांतरात एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर उत्तर त्या शब्दावर येतं.

आता लोक तुम्हाला काय काय सांगतील ते सांगते. एक, "क्वेरी कशाला, साहेबांना भेटून विचारून घे." भेटा, बोला, पण तोंडी होय ला बिलाच्या दिवशी काही किंमत नाही, आणि तोवर साहेबांची बदलीही झालेली असते. लेखी उत्तर शुद्धिपत्रक किंवा कॉमन सेट ऑफ डेव्हिएशन म्हणून अपलोड झालं तरच ते कराराचा भाग होतं. दोन, ग्रुपवर फिरणारी क्वेऱ्यांची तयार वर्ड फाइल. मला त्या फाइलचा खरोखर राग येतो. त्यात दुसऱ्याच टेंडरचे अट नंबर असतात, घाईत बदलायचे राहतात, आणि वीस क्वेऱ्यांतल्या सोळा तुमच्या कामाच्या नसतात. तुमच्या खऱ्या चार क्वेऱ्या त्या सोळांत बुडतात.

तीन, आणि हे जुने जाणते लोक सांगतात, "विरोधाभास दिसला तर गप्प बस, काम लागल्यावर क्लेम करू." मला हे पटत नाही. क्लेम वर्षानुवर्षं चालवायला ज्यांच्याकडे वकील आणि भांडवल आहे त्यांनी करावं. आपल्यासारख्या लहान ऑफिसला दोन लाख अडकले तरी पुढच्या कामाची ईएमडी भरताना ओढाताण होते. आणि टेंडरमध्ये अट घालून भरता येत नाही, सशर्त निविदा बाद होते, म्हणजे मनातली शंका कागदावर मांडायची संधी ही एकदाच, क्वेरीच्या तारखेपर्यंत.

ती तारीख पोर्टलवर टेंडरच्या तपशिलात `Clarification End Date` म्हणून दिसते, प्री-बिड मीटिंगची तारीख त्याच्याच आसपास असते पण तीच असेल असं नाही, दोन्ही वेगवेगळ्या लिहून ठेवा. मी शेवटच्या दिवसाच्या किमान तीन दिवस आधी पाठवते, कारण काही ऑफिसं उत्तराचा मसुदा मीटिंगमध्येच वाचून दाखवतात, तेव्हा गोलमोल उत्तर कानावर पडलं तर तिथंच उभं राहून म्हणता येतं, साहेब, होय हे समाविष्ट आहे ला, की लागू आहे ला? आणि त्याच संध्याकाळी ते ईमेलवरही टाकता येतं. घाबरू नका हे विचारायला. मला पहिल्यांदा आवाज फुटत नव्हता, मीटिंगमध्ये मी एकटीच बाई होते आणि सगळे वळून बघत होते, पण अभियंत्याने पेन उचलून समोरच्या कागदावर दुरुस्ती केली, एवढंच झालं.

त्या टाकीच्या कामानंतर आठ महिन्यांनी दिंडोरीच्या बाजूला तसंच काम निघालं, तसंच गावठाण, विशेष अटींमध्ये तशीच अट, फक्त खोदकाम थोडं कमी. मी वरच्यासारख्या चार क्वेऱ्या पाठवल्या. उत्तरं आली. आयटमच्या दरात समाविष्ट आहे का, होय. अट लागू आहे का, होय. कोणत्या आयटमखाली पेमेंट, प्रश्न उद्भवत नाही. जागा, कंत्राटदाराने स्वतः शोधावी.

चारही उत्तरं आपल्या विरोधात. मी तो कागद अण्णांसमोर ठेवला तेव्हा माझा चेहरा पडलेला होता. अण्णांनी चष्मा लावून चारही वाचली, मग कॅल्क्युलेटर ओढला, फेऱ्या मोजल्या, आणि आधी जितकं खाली जायचं ठरवलं होतं त्यापेक्षा तीन टक्के कमी खाली गेले. म्हणाले, "आता सगळ्यांनाच कळलंय की भाडं आपल्या खिशातून जाणार आहे. आता जो तो हिशोब करून भरेल." तो उत्तरांचा तक्ता मी प्रिंट काढून, प्रत्येक पानावर अण्णांची सही घेऊन, पहिल्या लिफाफ्यात लावला आणि एक प्रत वहीत त्या जुन्या पानाशेजारी डकवली.

ते काम आम्हाला लागलं नाही, दुसऱ्या नंबरला राहिलो. त्याच आठवड्यात अण्णांचा सिन्नरहून फोन आला, "ताई, लिहून घ्या, नवीन साइट बघितली, इथं तर ट्रान्सफॉर्मरच मधी येतोय, तो कोण हलवणार आणि तोवर मुदतीचं काय?" मी वहीत लिहिलं आणि "आणि" या शब्दाला गोल केला.